राशिभविष्य ‘अगदी माझ्यासारखं’ का वाटतं?

बहुतेक पंचांगांनुसार 29 मार्च 2025 रोजी शनी मीन राशीत गेला. त्याच्या आधीचे काही आठवडे वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, टीव्हीवरचे सकाळचे कार्यक्रम आणि घरोघरचे व्हॉट्सॲप ग्रुप एकाच विषयाने भरून गेले होते: साडेसाती कुणाची सुटली आणि कुणाची लागली. मकरवाले सुटले, मेषवाले सापडले. मेष राशीच्या माणसाने वाचलं, ‘मानसिक ताण वाढेल, खर्चाला पाय फुटतील, जवळच्या व्यक्तीकडून अपेक्षाभंग होईल, मात्र संयम ठेवल्यास मार्ग निघेल.’ त्याला नोकरीतली कटकट आठवली, मुलाच्या क्लासची फी आठवली, भावाशी झालेली बोलाचाली आठवली. तो म्हणाला, बघा, लागली.

आता हेच वाक्य तूळ राशीच्या माणसाला वाचून दाखवा. त्याच्या राशीला साडेसाती नाही. ताण, खर्च आणि अपेक्षाभंग मात्र त्याच्याकडेही आहेतच.

शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो आणि साडेसाती तीन राशींना असते. म्हणजे बारातल्या तीन राशी, अर्थात ढोबळमानाने चौथा हिस्सा लोक, कधीही पाहिलं तरी साडेसातीत असतातच. इतक्या माणसांना एकच वाक्य लागू पडतं आणि तरी प्रत्येकाला ते आपल्या पत्त्यावर आलेलं वाटतं. या वाटण्याला मानसशास्त्रात नाव आहे: फोरर परिणाम. काही जण त्यालाच बार्नम परिणाम म्हणतात. व्याख्या एवढीच, की जवळपास सगळ्यांना लागू होणारं वर्णन खास आपल्यासाठी लिहिलंय असं समजून वाचलं की ते नेमकं आपलंच वाटतं.

39 विद्यार्थी आणि एकच कागद

बर्ट्रम फोरर हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. 1948 साली त्यांनी आपल्या वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. आवडीनिवडी, छंद, वाचन, आकांक्षा असं त्यात विचारलेलं होतं. आठवड्याने प्रत्येकाच्या हातात त्याचं नाव घातलेला, टाइप केलेला कागद दिला आणि सांगितलं, हे तुमच्या स्वभावाचं विश्लेषण, शेजाऱ्याला दाखवू नका. मग हे वर्णन आपल्या स्वभावाला कितपत धरून आहे याला 0 ते 5 गुण द्यायला सांगितले. 0 म्हणजे अजिबात नाही, 5 म्हणजे तंतोतंत.

सरासरी आली 4.26. मग फोररनी विचारलं, चाचणीने चांगलं काम केलं असं कुणाला वाटतं? बहुतेक सगळे हात वर गेले. त्यांनी कागदावरचं पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, असंच वाक्य आणखी कुणाच्या कागदावर आहे का? पुन्हा हात वर गेले, आणि वर्गात हशा पिकला. सगळ्यांच्या कागदावर तीच 13 वाक्यं होती. भरलेली प्रश्नावली फोररनी वर्णनासाठी वापरलीच नव्हती. बरीचशी वाक्यं त्यांनी पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती.

त्यातली काही मराठीत आणली तर अशी होतील:

‘इतरांनी आपल्याला मानावं, आपलं कौतुक करावं, ही तुमची मनापासूनची गरज आहे.’
‘तुमच्यात बरीच क्षमता आहे, पण तिचा पुरेसा वापर तुम्ही अजून केलेला नाही.’
‘वरवर तुम्ही शिस्तीचे दिसता, पण आतून काळजी करता.’
‘कधी तुम्ही मनमोकळे आणि बोलके असता, तर कधी अबोल आणि सावध.’
‘पुराव्याशिवाय कुणाचं म्हणणं तुम्ही स्वीकारत नाही.’

शेवटच्या वाक्याची गंमत सुटू नये. पुराव्याशिवाय काही न स्वीकारणारे म्हणवून घेण्यात त्या वर्गाला अभिमान वाटला, आणि तो अभिमान त्यांनी पुरावा न मागता स्वीकारला.

प्रयोगाच्या मर्यादा मान्य करायला हव्यात. एकच वर्ग, समोर स्वतःचे शिक्षक आणि तुलनेला दुसरा गट नाही. पण पुढच्या काळात तुलना करून पाहिली गेली तेव्हाही चित्र पालटलं नाही. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन संडबर्ग यांनी 1955 साली विद्यार्थ्यांसमोर दोन वर्णनं ठेवली. एक त्या विद्यार्थ्यांनी खरोखर दिलेल्या व्यक्तिमत्त्व चाचणीवरून तज्ज्ञांनी काढलेलं, दुसरं सगळ्यांना सारखंच असलेलं सरधोपट. तुमचं कोणतं, असं विचारल्यावर निम्म्याहून अधिक जणांनी सरधोपट वर्णनावर बोट ठेवलं. आपल्या स्वभावाचं खरं वर्णन आपण ओळखूच, हा भरवसा इथे डळमळतो.

बार्नम हे नाव पॉल मील या मानसशास्त्रज्ञाच्या 1956 सालच्या लेखातून रूढ झालं. बार्नम हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी सर्कसवाला, प्रत्येक प्रेक्षकाला काही ना काही मिळालंच पाहिजे अशा थाटाचा खेळ करणारा. मील यांचा रोख ज्योतिषांकडे नव्हता. मनोरुग्णांच्या फायलींत सरधोपट वाक्यं लिहिणाऱ्या आपल्याच व्यवसायबंधूंना त्यांनी ते नाव मारलं होतं.

असं वाक्य बनतं कसं?

साप्ताहिक राशिभविष्याच्या नेहमीच्या वळणाचा एक नमुना इथे रचून घेतला आहे. तो कुठल्याही राशीखाली छापला तरी चालेल:

‘या आठवड्यात कामाचा ताण जाणवेल, मात्र वरिष्ठांचे सहकार्य लाभेल. आर्थिक आवक समाधानकारक राहील, परंतु अनावश्यक खर्च टाळावा. जुन्या मित्राची भेट संभवते. प्रकृतीच्या किरकोळ तक्रारींकडे दुर्लक्ष करू नये. जोडीदाराशी वाद टाळावेत. आठवड्याच्या उत्तरार्धात शुभवार्ता कळेल.’

पहिल्या वाक्यात ‘मात्र’ आहे, दुसऱ्यात ‘परंतु’. हे दोन शब्द म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडणारं दार. ताण आला तरी भविष्य खरं, साहेब बरे वागले तरी खरं, दोन्ही झालं तर मग काय विचारता. खोटं ठरायला एकही गोष्ट घडता कामा नये, आणि नोकरदार माणसाच्या आठवड्यात असं होत नाही.

‘खर्च टाळावा’, ‘वाद टाळावेत’, ‘दुर्लक्ष करू नये’ ही तर भविष्यंच नाहीत, सल्ले आहेत. काय होणार हे त्यांनी सांगितलेलंच नाही, त्यामुळे ती चुकूही शकत नाहीत. तरीही भांडण झालं की माणूस म्हणतो, सांगितलं होतं वाद टाळा म्हणून. आणि भांडण नाही झालं की म्हणतो, सांगितलं होतं म्हणून टाळला.

‘संभवते’ हे मराठी भविष्यलेखनातलं सगळ्यात कामाचं क्रियापद. मित्र भेटला तर संभवलं, नाही भेटला तर नुसतं संभवत होतं. ‘भेट’ म्हणजे काय हेही मोकळं सोडलेलं आहे. शाळेच्या ग्रुपवर कुणाचा वाढदिवस निघाला आणि दोन मेसेज झाले तरी भेट झाल्यात जमा होते. शब्द जितका मोकळा, तितका वाचक तो आपल्या आठवणीने भरतो. भरून झाल्यावर आपण काय भरलं हे विसरतो आणि सगळं श्रेय लिहिणाऱ्याला देतो. फोरर परिणामाचं इंजिन हेच आहे: वर्णनातला नेमकेपणा वाचकाने घातलेला असतो.

उरली शुभवार्ता. पुतण्याचा निकाल, भाचीचं लग्न ठरणं, अडकलेलं बिल निघणं, सोसायटीत पाण्याची वेळ वाढणं. तीन-चार दिवसांत यातलं काही कानावर आलं नाही तरच नवल.

आता थोडं गणित. समजा एका राशीखाली एकमेकांशी संबंध नसलेली सात विधानं आहेत, आणि प्रत्येक विधान कुणाही माणसाच्या आठवड्यात लागू पडण्याची शक्यता फक्त 30 टक्के आहे. म्हणजे विधानं फार काही सोपी नाहीत. तरी सातही हुकण्याची शक्यता 0.7 ला सात वेळा गुणून येते, ती सुमारे 8 टक्के. म्हणजे 100 पैकी 92 वाचकांना किमान एक विधान लागू पडणारच. वाचकाच्या लक्षात राहतं ते एक, बाकीची सहा रद्दीबरोबर जातात.

‘माझ्यासाठी’ हा शब्द काय करतो?

वाक्यं कितीही मोकळी असली तरी ती नुसती समोर ठेवून भागत नाही. ती आपल्यासाठी काढली आहेत असं वाटावं लागतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी 1970 च्या दशकात एकच वर्णन तीन गटांना दिलं. पहिल्या गटाला सांगितलं, हे साधारणपणे सगळ्या लोकांना लागू होतं. दुसऱ्याला सांगितलं, तुमच्या जन्माचं वर्ष आणि महिना यांवरून काढलंय. तिसऱ्याला, वर्ष, महिना आणि दिवस यांवरून. शब्द तिन्हीकडे तेच. पण जसजशी माहिती जास्त घेतली असं सांगितलं, तसतसे लोकांनी वर्णनाला गुणही जास्त दिले.

हे कळलं की पत्रिका पाहताना जन्मवेळ मिनिटापर्यंत विचारली जाते तेव्हा श्रोत्याच्या मनात काय घडतं ते दिसू लागतं. गणितासाठी ती वेळ लागते हे खरंच आहे. लग्नरास, म्हणजे जन्मावेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलते. पण त्याशिवाय आणखी एक गोष्ट होते. 6 वाजून 42 मिनिटं असं सांगितल्यावर पुढे येणारं ‘तुम्ही मनाने हळवे आहात’ हे वाक्यही तितकंच काटेकोर मोजून आल्यासारखं वाटतं.

फ्रान्समध्ये मानसशास्त्रज्ञ मिशेल गोक्लाँ यांनी 1968 साली हेच फार कठोरपणे दाखवलं. त्यांनी एका वर्तमानपत्रात मोफत कुंडली मिळेल अशी जाहिरात दिली. मागणी करणाऱ्या सगळ्यांना एकच विश्लेषण पाठवलं आणि ते किती जुळतं ते विचारलं. पहिल्या 150 उत्तरांपैकी 94 टक्के लोकांनी ते आपल्याला जुळतं असं कळवलं. ते विश्लेषण ज्या जन्मतारखेवरून काढलेलं होतं ती मार्सेल पेत्यो या डॉक्टरची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माणसांना आमिष दाखवून घरी बोलावून त्यांचे खून केल्याबद्दल त्याला 1946 साली मृत्युदंड दिला गेला होता.

‘पण माझी रास मला खरंच जुळते’

ही शंका वाजवी आहे. तिच्यासाठी आपल्याकडे एक तपासणी आयतीच उपलब्ध आहे, फक्त तिच्याकडे कुणी पाहत नाही.

मराठी वर्तमानपत्रात ‘तुमची रास’ म्हणजे चंद्ररास: जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत होता ती. चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो. इंग्रजी वर्तमानपत्रात रास ठरते सूर्यावरून, ती महिनाभर तीच असते. शिवाय पाश्चात्त्य पद्धत सायन, म्हणजे राशी वसंतसंपातापासून मोजणारी, आपली निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने मोजणारी, आणि दोघींच्या मोजणीत सध्या सुमारे 24 अंशांचा फरक आहे. त्यामुळे 5 ऑगस्टला जन्मलेला माणूस इंग्रजी पेपरात सिंहेचा, आपल्या पद्धतीने त्याचा सूर्य कर्केत, आणि चंद्र त्या वर्षी जिथे असेल तिथे, समजा मीनेत. जन्मवेळच ठाऊक नसेल तर काही जण नावाच्या पहिल्या अक्षरावरून नावरास धरतात, ती चौथी.

अशा माणसाने घरी येणाऱ्या दोन्ही भाषांच्या पेपरांतली भविष्यं महिनाभर वाचली तर त्याला दोन्ही बऱ्यापैकी लागू पडलेली दिसतील. सिंहेचा करारीपणाही त्याचा आणि मीनेचा हळवेपणाही त्याचाच. माणसात दोन्ही असतं, म्हणून दोन्ही जुळतं.

इथे दुसरी एक गोष्ट मिसळते. लहानपणापासून ‘कन्या राशीची आहे, टापटीप असणारच’ हे ऐकत वाढलेली मुलगी स्वतःबद्दलच्या प्रश्नावलीत ‘मी नीटनेटकी आहे’ याच्यावर खूण करण्याची शक्यता जास्त. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांच्या 1978 सालच्या ब्रिटिश अभ्यासात सूर्यरास आणि स्वभाव यांचा थोडा संबंध दिसला आणि ज्योतिषी मंडळी खूश झाली. पुढे आयझेंक यांनीच तपासलं तेव्हा आपल्या राशीचे गुण ठाऊक नसलेल्या लोकांत तो संबंध आढळला नाही.

‘पेपरातलं सोडा, माझ्या ज्योतिषांनी नेमकं सांगितलं’

समोरासमोरच्या बैठकीत परिणाम आणखी बळकट होतो, कारण तिथे वाक्य मध्येच वळवता येतं. असा संवाद पाहा:

‘घरात वडीलधाऱ्यांपैकी कुणाला तरी छातीचा, किंवा पोटाचा म्हणा, त्रास दिसतो.’
‘हो गुरुजी, सासऱ्यांचं मागच्या दिवाळीत बायपास झालं.’
‘तेच. छातीचंच दिसतंय. आणि खर्च बराच झाला त्यात.’
‘अहो, सगळी एफडी मोडावी लागली.’

घरी आल्यावर ताई सांगतात, ‘त्यांनी सासऱ्यांचं बायपास ओळखलं, एफडी मोडली तेसुद्धा सांगितलं.’ वर पुन्हा वाचा. बायपास, सासरे, दिवाळी आणि एफडी हे चारही शब्द ताईंच्या तोंडून आले आहेत. ज्योतिषांनी दिले ते ‘वडीलधारं कुणीतरी’, ‘छाती किंवा पोट’ आणि ‘खर्च’. यात गुरुजी लबाडी करत असतीलच असं नाही. समोरचा मान डोलावतो तेव्हा आपल्या शास्त्राचा पडताळा आला असं त्यांनाही मनापासून वाटू शकतं. फसगत दोघांचीही होते.

यावर उपाय सोपा आहे. परवानगी घेऊन बैठक फोनवर रेकॉर्ड करा, आणि आठ-दहा दिवसांनी, आठवण थोडी निवल्यावर ऐका. कागदावर दोन रकाने करा. तुम्ही काही बोलण्याआधी ज्योतिषांनी उच्चारलेली माहिती एकात, तुम्ही सांगितल्यावर आलेली दुसऱ्यात. जे प्रश्न म्हणून विचारलं (‘भावंडांत काही तणाव?’) ते पहिल्या रकान्यात धरायचं नाही. न जुळलेली विधानंही लिहायची, कारण आठवणीतून तीच आधी गळतात. पहिल्या रकान्यात शेवटी काय उरतं ते पाहा.

‘ढोबळ भविष्य वेगळं, खरी पत्रिका वेगळी’

हा सगळ्यात सशक्त आक्षेप. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी: फोरर परिणाम दाखवला म्हणून ज्योतिष चूक ठरत नाही. ‘जुळलं असं वाटतं’ हा पुरावा बाद होतो, एवढंच. पत्रिकेतून खरोखर काही कळतं का हे पाहायचं तर ‘तुम्हाला जुळलं का?’ हा प्रश्नच वगळून चाचणी घ्यावी लागते. अशी चाचणी पुण्यात झालेली आहे.

जयंत नारळीकर, सांख्यिकीचे सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः फलज्योतिष शिकलेले प्रकाश घाटपांडे यांनी ती आखली. 2009 साली ‘करंट सायन्स’मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी 200 मुलांचे जन्मतपशील गोळा केले, 100 शाळेतली हुशार मुलं आणि 100 मतिमंद मुलं. त्यावरून पत्रिका तयार केल्या आणि ज्योतिषांना पोस्टाने पाठवल्या. प्रत्येकाला 40 पत्रिका. पत्रिका पाहून एवढंच सांगायचं, मूल यातल्या कोणत्या गटातलं.

इथे ‘मात्र’ला जागा नाही आणि ‘संभवते’लाही नाही. डोळे मिटून ठरवलं तरी 40 पैकी 20 च्या आसपास बरोबर येतील. म्हणून 28 किंवा अधिक बरोबर आली तर यश मानायचं, असं आधीच ठरवलेलं होतं. 51 ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, 27 जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण 46 टक्के आलं. सर्वोत्तम ज्योतिषाची 24 बरोबर आली. एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका पाहिल्या, तिची 102 बरोबर निघाली. नाणं उडवून याहून फार वेगळं आलं नसतं.

या प्रयोगावरही आक्षेप आले, बुद्धिमत्ता हा पत्रिकेवरून पाहण्याचा विषयच नाही वगैरे. ते म्हणणं मान्य असणाऱ्याने मग कोणता विषय पाहण्यासारखा आहे, किती बरोबर आली तर पास आणि किती चुकली तर नापास, हे उत्तरं पाहण्याआधी लिहून द्यावं. विषय बदलला तरी पद्धत हीच राहील.

घरी करता येणारी चाचणी

वीस माणसं जमली, गणपतीत किंवा सोसायटीच्या कार्यक्रमात, की तासाभरात ही होते. प्रत्येकाला आपली चंद्ररास ठाऊक असली पाहिजे.

नुकत्याच संपलेल्या आठवड्याचं राशिभविष्य घ्या. येणाऱ्या आठवड्याचं घेतलं तर लोक अंदाजाने बोलतील, गेल्या आठवड्यात काय घडलं हे मात्र त्यांना ठाऊक आहे. बाराही भविष्यं टाइप करून घ्या आणि राशींची नावं काढून टाका. राशीचा सुगावा देणारे शब्दही काढा: ‘साडेसाती’, ‘राशीस्वामी मंगळ’, ‘अष्टमातील चंद्र’. मग चिठ्ठ्या टाकून क्रम बदला आणि 1 ते 12 क्रमांक द्या. कोणता क्रमांक कोणत्या राशीचा याची यादी एकाने पाकिटात बंद करावी, आणि ते करणाऱ्याने कागद वाटताना खोलीत थांबू नये. तो समोर असला की त्याच्या चेहऱ्यावरून लोक ताडतात, आणि तसं झालेलं कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्रत्येकाने बारा वाचून आपला गेला आठवडा सगळ्यात जास्त जुळणारी तीन भविष्यं निवडायची, क्रमांक पेनाने लिहायचे, खाली आपली रास लिहायची आणि कागद जमा करायचा. मगच पाकीट उघडायचं.

निव्वळ योगायोगाने आपली रास निवडलेल्या तिघांत येण्याची शक्यता बारात तीन, म्हणजे चौथा हिस्सा. वीस जणांत पाच बरोबर येणं अपेक्षित आहे. सहा-सात आले तरी त्यात विशेष काही नाही. दहा किंवा त्याहून अधिक जण बरोबर निघाले तर मात्र थांबून बघण्यासारखं आहे, कारण नुसत्या योगायोगाने तसं सत्तर वेळा केलं तर साधारण एकदा होतं. तेव्हा दुसऱ्या पेपरचं भविष्य घेऊन पुन्हा करायचं.

चाचणी बिघडते ती ठरावीक ठिकाणी. बरेच जण तो पेपर वाचूनच येतात आणि आपल्या राशीचं वाक्य ओळखतात, म्हणून घरी कुणी घेत नाही असा पेपर निवडावा. काही जण पाकीट उघडल्यावर म्हणतात, ‘माझी चौथ्या नंबरला होतीच की.’ ती धरायची नाही, तीनच ठरली होती. आणि एकाच घरातली पाच माणसं असली तर त्यांचा आठवडा सारखाच गेलेला असतो, तेव्हा वीस माणसं शक्यतो वीस घरांतली हवीत.

एकट्याने करायचं असेल तर बारा आठवडे लागतात. दर रविवारी कुणाकडून तरी नावं काढलेली बारा भविष्यं घ्यायची, सरत्या आठवड्याला जुळणारं एकच निवडायचं आणि वहीत क्रमांक लिहून ठेवायचा. उत्तरं दर आठवड्याला पाहायची नाहीत, कारण एकदा आपल्या राशीच्या लेखकाची शैली कळली की पुढच्या वेळी निवड शैलीवरून होते. बारा आठवड्यांत योगायोगाने साधारण एक बरोबर येतं. दोन आली तर लगेच कुणाला फोन करण्याची गरज नाही.